रुंदी वाढवली तरी न हटणारे हॅश

महिनाअखेरीला ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज थकलेला होता. आमच्या ओळखीच्या एका संस्थेत त्या हजेरीचं काम बघतात. तिथे दिवसपाळी असते, रात्रपाळी असते, आणि कोण किती तास कामावर होतं याचा हिशेब एक्सेलच्या एका फाइलमध्ये ठेवलेला असतो. त्या म्हणाल्या, "अहो, तासांच्या कॉलममध्ये नुसते हॅश दिसतायत. तुम्ही मागे सांगितलं होतं ना, कॉलम रुंद करा म्हणून? केला. आणखी केला. आता कॉलम अर्ध्या स्क्रीनएवढा झालाय आणि हॅशही तेवढेच वाढलेत."

मागे मी तसं सांगितलं होतं हे खरं. आपण सगळेच एकमेकांना तेच सांगतो. हॅश दिसले की कॉलमच्या नावाच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक करायचं, कॉलम आपोआप हवा तेवढा रुंद होतो आणि आकडा दिसायला लागतो. दहातल्या नऊ वेळा हा उपाय लागू पडतो, त्यामुळे दहाव्या वेळेचं कारण वेगळं असू शकतं हे आपल्या लक्षातच येत नाही. ताईंची ती दहावी वेळ होती. त्या कारणाबद्दल नीट लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं. ते नीट न कळल्यामुळे माणसांच्या कामाचे तास चुकीचे मोजले जाताना मी पाहिले आहेत.

आधी त्या नऊ वेळांचं बघू. सेलमध्ये मोठं नाव लिहिलं आणि जागा कमी पडली, तर ते शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरतं किंवा कडेला कापलं जातं. अर्धं नाव दिसलं तर ते अर्धं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. आकड्याचं तसं नाही. १२५००० मधले शेवटचे दोन आकडे कापले गेले तर १२५० दिसेल, आणि तो अपुरा आहे हे कुणालाही कळणार नाही. म्हणून एक्सेल आकडा किंवा तारीख कधीच कापून दाखवत नाही. पूर्ण मावत नसेल तर सगळी जागा हॅशने भरून टाकतं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आत आकडा जसाच्या तसा असतो, बेरजेत तो बरोबर धरला जातो, फक्त तो दाखवायला जागा नसते.

कॅलिब्री ११ हा फाँट असताना नव्या कॉलमची रुंदी 8.43 असते. म्हणजे त्या फाँटमधले साधारण आठ आकडे त्यात मावतात. 15-03-2024 अशी तारीख दहा अक्षरांची होते. आपण स्वतः तारीख टाइप करतो तेव्हा एक्सेल बहुतेक वेळा कॉलम आपणहून थोडा रुंद करतं, त्यामुळे अडचण जाणवत नाही. पण दुसऱ्या प्रणालीतून आलेली सीएसव्ही फाइल उघडली की तारीख आणि वेळ एकत्र असलेले कॉलम हॅशने भरलेले दिसतात, कारण सीएसव्हीमध्ये रुंदीची माहिती नसतेच. सेलचा फॉरमॅट `General` असेल तर एक्सेल हॅशपर्यंत जायच्या आधी थोडी तडजोड करतं. दशांश कमी करून बघतं, नाहीतर 1E+09 अशा आखूड रूपात आकडा दाखवतं. दोन दशांश स्थळं किंवा चलनाचं चिन्ह असा फॉरमॅट आपण ठरवून दिला असेल तर ते त्यात स्वतःहून बदल करत नाही, थेट हॅश दाखवतं. कधी कधी स्क्रीनवर सगळं नीट असतं आणि छापील कागदावर हॅश येतात. स्क्रीनवर आणि प्रिंटरवर अक्षरांची मापं किंचित वेगळी पडतात, म्हणून काठोकाठ बसवलेला कॉलम कागदावर कमी पडतो. छापायच्या आधी कॉलमला थोडी जास्तीची जागा सोडली की हे टळतं.

हे सगळे जागेचे हॅश. रुंदी वाढवली की ते जातात.

ताईंचे हॅश त्यातले नव्हते, आणि ते त्यांच्याच वर्णनातून कळत होतं. कॉलम रुंद केल्यावर हॅशही वाढत गेले, याचा अर्थ जागेचा काही प्रश्नच नव्हता. मी त्यांना म्हणालो, "ताई, त्यातल्या एका सेलवर माउस नुसता धरून ठेवा. क्लिक करू नका." थोड्या वेळाने त्यांनी छोट्या पिवळट चौकटीतलं वाक्य वाचून दाखवलं: `Dates and times that are negative or too large show as ######`. तारीख किंवा वेळ ऋण असेल, नाहीतर प्रमाणाबाहेर मोठी असेल, तर हॅश दिसतात. एक्सेलने कारण तिथेच लिहून ठेवलेलं असतं, पण माउस असा शांतपणे धरून कोण ठेवतं?

"ऋण वेळ म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

एक्सेलच्या लेखी तारीख हा एक साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा १, दुसरा दिवस २, असे दिवस मोजत जायचं. वेळ म्हणजे त्या एका दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा दिवस, 0.5. सकाळचे सहा म्हणजे पाव दिवस, 0.25. रात्रीचे दहा म्हणजे 0.9167 च्या आसपास. आपल्याला 22:00 दिसतं ते फक्त वरचं रूप, आत अपूर्णांक असतो. ताईंच्या फाइलमध्ये आल्याची वेळ एका कॉलममध्ये होती, गेल्याची पुढच्या कॉलममध्ये, आणि तासांसाठी सरळ वजाबाकी होती:

```
=B2-A2
```

दिवसपाळी नऊ ते पाच. 17:00 मधून 09:00 वजा केले, 8:00 आले. बरोबर. रात्रपाळी दहा ते सहा. इथे 06:00 मधून 22:00 वजा होतात, म्हणजे 0.25 मधून 0.9167. उत्तर उणे 0.6667. तासांत सांगायचं तर उणे सोळा. मध्यरात्री तारीख बदलली हे आपल्याला माहीत असतं, पण सेलमध्ये तारीख लिहिलेलीच नाही, मग एक्सेलला कळणार कसं? त्याच्या हिशेबाने माणूस रात्री दहाला आला आणि त्याच दिवशी पहाटे सहाला निघून गेला. १९०० पासून सुरू होणाऱ्या कॅलेंडरमध्ये शून्याच्या मागे कुठलीही तारीख नाही आणि वेळही नाही. म्हणून उणे सोळा तास हे वेळेच्या रूपात दाखवताच येत नाहीत. कॉलम कितीही रुंद केला तरी.

खात्री करून घ्यायला एक सोपी चाचणी आहे. सेल निवडून फॉरमॅट `General` करायचा. जागेचा हॅश असेल तर 45366 सारखा एखादा धन आकडा दिसतो. ऋण वेळेमुळे आलेला, म्हणजे कॅलेंडरचा हॅश असेल तर उणे चिन्ह समोर येतं. ताईंनी करून बघितलं आणि -0.66667 वाचून दाखवलं. मी फक्त "हां" म्हणालो, आणि त्याच क्षणी मला दुसरीच काळजी लागली. "ताई, आठवड्याच्या बेरजेच्या कॉलममध्ये काय दिसतंय?"

"तिथे फक्त एकाच्याच नावासमोर हॅश आहेत. बाकीचे आकडे आलेत."

हॅशचा गोंधळ सगळ्यांना दिसतो, पण खरं नुकसान त्या "बाकीच्या आकड्यांत" होतं. तीन माणसांची उदाहरणं बघा. आठवडा सहा दिवसांचा, पाळी आठ तासांची, म्हणजे प्रत्येकाचे तास ४८ यायला हवेत. पहिल्याने पाच दिवसपाळ्या आणि एक रात्रपाळी केली. दिवसपाळ्यांचे ४०, त्यात रात्रपाळीचे उणे १६ मिळवले, बेरीज 24:00. दुसऱ्याने चार दिवसपाळ्या आणि दोन रात्रपाळ्या केल्या. ३२ आणि उणे ३२, बेरीज 0:00. तिसऱ्याने तीन आणि तीन. २४ आणि उणे ४८, म्हणजे उणे २४, म्हणून त्याच्या बेरजेत हॅश.

तिघांनी सारखंच काम केलं होतं. ज्याच्यासमोर हॅश होते त्याची चूक कुणीतरी शोधणारच. 0:00 बघूनही कदाचित कुणी थांबेल. पण 24:00 हा आकडा दिसायला अगदी व्यवस्थित आहे. या आठवड्यात काही खाडे झाले असतील असं समजून तो पुढे जातो, आणि त्या माणसाच्या निम्म्या तासांचा मोबदला बुडतो. बेरीज करणारं `SUM` दिसतं ते बघत नाही, आत आहे ते मोजतं. ओळीत हॅश दिसत असले तरी आत उणे सोळा तास शाबूत असतात आणि ते बेरजेतून गुपचूप वजा होतात. मी ताईंना म्हणालो, आधी हॅश सोडा, 24:00 वाल्याची ओळ काढा.

यात आणखी एक गुंता असतो. बेरजेच्या सेलचा फॉरमॅट `h:mm` असेल तर एक्सेल पूर्ण झालेले दिवस दाखवत नाही, चोवीस तास भरले की पुन्हा शून्यापासून सुरू करतं. मग ४८ तासही 0:00 दिसतात आणि २४ तासही 0:00. रात्रपाळीची चूक दर वेळी नेमकी चोवीस तासांची असते, उणे सोळा आणि आठ यांतला फरक तेवढाच आहे. त्यामुळे या फॉरमॅटमध्ये चुकीची बेरीज आणि बरोबर बेरीज अगदी सारखी दिसते. तासांच्या बेरजेला नेहमी `[h]:mm` हा चौकोनी कंसाचा फॉरमॅट द्यावा लागतो. ताईंच्या फाइलमध्ये तो होता, म्हणून तरी काही दिसलं.

आता उपाय. सगळीकडे सांगितला जातो तो असा:

```
=MOD(B2-A2,1)
```

`MOD` भागाकारातली बाकी देतं. एकाने भागल्यावर उणे 0.6667 ची बाकी 0.3333 येते, म्हणजे 8:00. दिवसपाळीच्या 8:00 ला काही धक्का लागत नाही. ताईंनी फॉर्म्युला खालपर्यंत ओढला आणि सगळे हॅश एका झटक्यात गेले. त्या इतक्या आनंदल्या की मला पुढचं सांगायला जिवावर आलं. पण सांगितलं, कारण हा फॉर्म्युला वापरून समाधानाने फाइल बंद करणारे खूप जण मला माहीत आहेत.

`MOD` ऋण उत्तर येऊच देत नाही. ऋण उत्तर रात्रपाळीमुळे आलं असेल तर ठीकच आहे. पण ते चुकीमुळे आलं असेल तर? समजा कुणी निघताना वेळ नोंदवलीच नाही. आल्याची वेळ 09:00, गेल्याची जागा रिकामी. रिकामा सेल वजाबाकीत शून्य धरला जातो. साध्या वजाबाकीत उत्तर ऋण येऊन हॅश दिसले असते आणि ओळ अपुरी आहे हे कळलं असतं. `MOD` तिथे 15:00 दाखवतं. म्हणजे माणसाला पंधरा तास मिळाले. रात्री दहाला आलेल्याची जाण्याची नोंद राहिली तर 2:00 दिसतं, त्याला दोनच तास मिळाले. वेळा उलटसुलट टाइप झाल्या, आल्यासमोर 17:00 आणि गेल्यासमोर 09:00, तर आठाऐवजी 16:00. यातल्या एकाही ठिकाणी हॅश नाही, एकाही ठिकाणी इशारा नाही.

रिकाम्या नोंदीपुरता बंदोबस्त करता येतो:

```
=IF(COUNT(A2:B2)<2,"",MOD(B2-A2,1))
```

दोन्ही वेळा भरलेल्या असतील तरच हिशेब कर, नाहीतर सेल कोरा ठेव. उलटसुलट वेळांवर मात्र हा इलाज नाही. फक्त वेळ लिहून त्यावर इलाज होऊच शकत नाही, कारण १७ ते ९ ही चूक आहे की सोळा तासांची लांब पाळी आहे हे त्या दोन आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं.

कुणीतरी ताईंना आणखी एक सल्ला दिला होता, सेटिंगमध्ये जाऊन १९०४ ची तारीख पद्धत चालू करायची. जुन्या मॅकवरच्या एक्सेलची ती पद्धत, आणि तिच्यात ऋण वेळ खरंच दिसते. हॅश जाऊन -16:00 दिसेल. पण आपल्याला आठ तास हवे आहेत, उणे सोळा नीट वाचता आले म्हणून हिशेब सुधारत नाही. शिवाय भरलेल्या फाइलमध्ये ही पद्धत बदलली की आधीची प्रत्येक तारीख १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस, पुढे सरकते. हजेरीच्या फाइलमध्ये हे कुणी करू नये असं मी अगदी कळकळीने सांगेन.

कॅलेंडरच्या हॅशचं दुसरं टोकही इथेच सांगून टाकतो, कारण त्या पिवळट चौकटीत "प्रमाणाबाहेर मोठी" असंही म्हटलेलं होतं. एक्सेलचं कॅलेंडर ३१ डिसेंबर ९९९९ ला संपतं, आणि त्या दिवसाचा क्रमांक 2958465 आहे. एवढ्या पुढच्या तारखा कुणाच्या फाइलमध्ये असणार, असं वाटेल. पण अनेक प्रणाली १५ मार्च २०२४ ही तारीख 20240315 अशी सलग लिहून पाठवतात. आपल्या दृष्टीने ती तारीख, एक्सेलच्या दृष्टीने दोन कोटींच्या वरचा एक आकडा. त्या कॉलमला तारखेचा फॉरमॅट दिला की प्रत्येक सेलमध्ये हॅश, कारण एवढे दिवस त्याच्या कॅलेंडरमध्ये नाहीतच. इथेही रुंदी वाढवून उपयोग नाही आणि फॉरमॅट बदलूनही नाही. आकडा फोडून त्याची खरी तारीख बनवावी लागते:

```
=DATE(LEFT(A2,4),MID(A2,5,2),RIGHT(A2,2))
```

परत ताईंच्या फाइलकडे येतो. शेवटी आम्ही तिची मांडणीच बदलली. आल्याची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची तारीख, गेल्याची वेळ, असे चार कॉलम. तारीख आणि वेळ यांची बेरीज केली की नेमका क्षण मिळतो, आणि दोन क्षणांची वजाबाकी कधी फसत नाही:

```
=(C2+D2)-(A2+B2)
```

१४ तारखेच्या रात्री दहापासून १५ तारखेच्या पहाटे सहापर्यंत, सरळ आठ तास. `MOD` लागत नाही, दिवसपाळी-रात्रपाळी असा भेदही करावा लागत नाही. टाइप करायचं काम वाढतं, आणि ताईंनी ते दोन दिवस बसून केलं. हजेरीच्या वहीवरून प्रत्येक रात्रपाळीची गेल्याची तारीख भरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. "पाच ठिकाणी अजून हॅश आहेत. साहेब म्हणतायत, `IFERROR` लावून टाका, वाईट दिसतं." मी म्हणालो, लावून बघा, काही होणार नाही. झालंही नाही. `#VALUE!` किंवा `#DIV/0!` या एक्सेलच्या लेखी चुका असतात आणि `IFERROR` त्यांना पकडतं. हॅशची रांग ही चूक नसतेच. आत एक व्यवस्थित ऋण आकडा असतो, न दाखवता येणारा, पण आकडाच. म्हणून `ISERROR` विचारलं तरी उत्तर `FALSE` येतं.

मग आम्ही त्या पाच ओळी फोनवरच एकेक करून उघडल्या. दोन ठिकाणी गेल्याची नोंदच नव्हती. दोन ठिकाणी गेल्याची तारीख वरच्या ओळीतून ओढताना आल्याच्याच तारखेएवढी राहिली होती. पाचवी ओळ ताईंना उलगडेना. आल्याची वेळ 17:00, गेल्याची 09:00, तारीख दोन्हीकडे एकच. त्या उठून वही घेऊन आल्या, पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. वहीत नऊ ते पाच लिहिलेलं होतं. जुन्या फाइलमध्ये `MOD` लावल्यावर याच ओळीत 16:00 आले होते आणि कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. ताईंनी दोन्ही वेळा अदलाबदल करून टाकल्या, 8:00 दिसलं, आणि त्या वही मिटता मिटता म्हणाल्या, "साहेबांना सांगते, हॅश राहू देत. पुढच्या महिन्यात आले की मी आधी वही काढीन."